शंभर पावलांची सरासरी

रविवार, दिनांक १८ मार्च १९६२. सकाळी साडेपाच वाजता मी कोरा कागद पुढे ओढला आणि त्याच्या वरच्या कडेला लिहिले : ‘पाण्याची व्यवस्था – तीन पर्याय’. खाली दोन कार्बन घातले होते. दहा वाजता समितीची सभा होती, आणि तिच्यापुढे एका पानाहून जास्त मजकूर ठेवायचा नाही असा माझाच आग्रह होता.

मी तेव्हा महाडच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. गावाबाहेर, पोलादपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका उतारावर आम्ही बारा जणांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. तिचा मी मानद चिटणीस होतो. सभासदांत मास्तर होते, कारकून होते, एस.टी.तले दोघे होते, एक लाकडाचे व्यापारी होते. आदल्या वर्षी घरे उभी राहिली होती. कौले चढली, दारे बसली, कंत्राटदार आपले सामान घेऊन गेला, आणि मग सर्वांच्या ध्यानात आले की पाण्याचा विचार कोणी केलेला नाही. नगरपालिकेची हद्द आमच्या अलीकडे संपत होती. उताराच्या पायथ्याशी ओढा होता. त्याच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यातून सारी संस्था पाणी भरत असे, आणि मार्च लागल्यापासून त्या डवऱ्यात वाटीने पाणी काढावे लागत होते.

तीन पर्याय असे होते. पहिला, ओढ्याकाठी खाली विहीर बांधायची आणि पोहऱ्याने पाणी शेंदायचे. दुसरा, उताराच्या माथ्यावर सुरुंग लावून कातळात विहीर खोदायची. तिसरा, खालीच विहीर बांधायची, पण तिच्यावर क्रूड ऑइलचे इंजिन बसवायचे, माथ्यावर टाकी बांधायची आणि तेथून चार ठिकाणी नळ द्यायचे.

समितीत आम्ही पाच होतो. त्यांपैकी ताळेबंद वाचता येणारा मी एकटाच. मला हा त्यांचा दोष वाटत नव्हता. ज्याला वाचता येत नाही त्याला समजेल असा कागद करणे हे कारकुनाचे काम आहे, असे मी वीस वर्षे मानत आलो होतो. म्हणून खर्चाच्या भागात मी संस्थेची एकूण रक्कम लिहिली नाही. घरटी वाटा लिहिला. खालची विहीर : घरटी दोनशे रुपये. वरची विहीर : तीनशे. इंजिन व टाकी : साडेचारशे. पण तेवढ्याने भागत नाही. विहीर एकदा बांधली की तिला वर्षाकाठी गाळ काढण्यापुरते घरटी दोन रुपये लागतात. इंजिन मात्र दर महिन्याला खाते. तेल, दुरुस्ती, विहिरीचा गाळ आणि इंजिन चालवणाऱ्या माणसाची बिदागी मिळून महिन्याला घरटी अडीच रुपये. एकदाच द्यायचे पैसे आणि दर महिन्याला द्यायचे पैसे शेजारी शेजारी ठेवले तर वाचणारा फसतो. म्हणून मी दोन्ही एकाच मापात आणले : दहा वर्षांत एका घराला एकंदर किती पडेल. खालची विहीर दोनशे वीस, वरची तीनशे वीस, इंजिन साडेसातशे. हे तीन आकडे मी जाड अक्षरात लिहिले. व्याज, घसारा यांपैकी एकही शब्द पानावर येऊ दिला नाही.

दुसरा भाग गुणांचा. खर्च गुणांत मिसळायचा नाही हे मी आधीच ठरवले होते. स्वस्ताईला गुण दिले आणि पुन्हा खर्चही वेगळा दाखवला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. एका बाजूला पर्याय किती चांगला, दुसऱ्या बाजूला तो किती रुपयांचा. त्या दोन्हींची सांगड वाचणाऱ्याने घालायची.

गुण मी आण्यांत दिले. नवे पैसे येऊन पाच वर्षे होत आली होती, पण चांगल्या-वाईटाचे माप लोकांच्या मनात अजून सोळा आण्यांचेच होते. शिवाय मला स्वतःला तेच माप हाती बसले होते. दर वर्षी भात तयार झाले की आम्ही गावोगाव पिकाची आणेवारी करत असू. चार-सहा शेते पाहायची, पीक किती आणे आले ते ठरवायचे, त्यावरून सबंध गावाचा आकडा काढायचा. ठरलेल्या आण्यांच्या वर गाव गेले की सर्वांना पूर्ण शेतसारा भरावा लागे. त्यात एखाद्याचे शेत पुरते बसलेले असले तरी गावाचा आकडा तोच त्याचा आकडा. शिवथरच्या बाजूचा एक शेतकरी मला एकदा म्हणाला होता, “रावसाहेब, गाव पिकला आसंल. मी नाय पिकलो.” मी त्याला नियम वाचून दाखवला होता.

पूर्ण सोळा आणे मी चार बाबींत वाटले. उन्हाळ्यात पाणी टिकणे, सहा आणे. घरापासूनचे अंतर, चार आणे. काम तडीस जाण्याची खात्री, तीन. रोजची देखभाल सोपी असणे, तीन. जी बाब महत्त्वाची तिला जास्त आणे, आणि कोणत्या बाबीला किती हे पर्यायांकडे पाहण्यापूर्वी ठरवायचे. नाहीतर हात आपोआप आवडत्या पर्यायाकडे झुकतो. एवढे मी कटाक्षाने पाळले.

अंतर मी आदल्या दिवशी स्वतः पावलांनी मोजले होते. पन्नास पावलांपर्यंत चार आणे, शंभरपर्यंत तीन, दीडशेपर्यंत दोन, दोनशेपर्यंत एक, त्यापुढे शून्य, अशी पट्टी आखली होती. खालची विहीर डवऱ्यालगतच व्हायची होती. तेथून पहिली दहा घरे चाळीस ते एकशे दहा पावलांच्या आत होती. माझे घर तिसरे, साठ पावले. अकरावे घर एकशे साठ. बारावे घर मधल्या कातळाला वळसा घालून पार माथ्यावर, दोनशे नव्वद पावले, वाटेत बेचाळीस पायऱ्या. बाराही घरांची बेरीज बाराशे झाली. सरासरी बरोबर शंभर.

शंभर म्हणजे तीन आणे. खालच्या विहिरीची बेरीज अशी झाली : पाणी पाच, अंतर तीन, खात्री तीन, देखभाल तीन; एकूण चौदा. इंजिनाची : पाच, चार, दोन, एक, एकूण बारा. वरच्या विहिरीला पाण्याचा भरवसा नसल्याने दोन, खालून चढून जावे लागत असल्याने अंतराचे शून्य, कातळामुळे खात्रीचा एक, देखभालीचे तीन, एकूण सहा.

बारावे घर माझ्या थोरल्या बहिणीचे होते.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हते. संस्था निघाली तेव्हा तिने आपल्या बांगड्या मोडून स्वतःच्या नावावर संस्थेचा भाग, म्हणजे शेअर, घेतला होता. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली आणि तिला बारावे आले. तेव्हा तिचे पाय धड होते. माथ्यावर वारा चांगला लागतो म्हणून तिला आनंदच झाला होता. पुढच्या वर्षी पोलादपूरच्या स्टँडवर गाडीतून उतरताना ती पडली. उजवा गुडघा बसवला गेला तो तिरपा बसला. ती चालत असे, पण पायरीवर प्रत्येक वेळी एकच पाय पुढे टाकत असे, आणि ओझे घेऊन चढणे तिला शक्य नव्हते. डवऱ्यावरून पाणी आणायला तिने एक बाई लावली होती. ती बाई लावणीच्या दिवसांत दीड महिना स्वतःच्या शेतावर जाई. लग्नसराईत दुसऱ्याच कोणाकडे जाई. पाणी दारी आले तर अक्का त्या घरात राहू शकत होती. नाही आले तर तिला ते सोडावे लागणार होते. हे मला ठाऊक होते. तिने ते मला एकदाच सांगितले होते, पंधरा दिवसांपूर्वी, वह्या तपासता तपासता.

“कुणाच्या दारी पाणी मागायला लागू नये म्हणून घर घेतलं मी. एवढंच बघ.”

मी ‘बघतो’ म्हणालो होतो.

आता लिहायलाच हवे ते लिहितो. त्या पहाटे मी पाठकोऱ्या कागदावर दुसरा हिशेबही करून पाहिला. सरासरी न धरता सर्वांत दूरच्या घराचे अंतर धरले. दोनशे नव्वद म्हणजे शून्य आणे. खालच्या विहिरीची बेरीज चौदावरून अकरावर आली. इंजिनाचे नळ कोणत्याही घरापासून चाळीस पावलांच्या पुढे नव्हते, म्हणून त्याचे बारा तसेच राहिले. अंतर मोजायची एक रीत बदलली आणि गुणांत पहिला पर्याय बदलला.

असे होते तेव्हा दोन्ही आकडे वाचणाऱ्यापुढे ठेवायचे असतात. एक ओळ पुरली असती : ‘सरासरी अंतर शंभर, सर्वांत दूरचे घर दोनशे नव्वद.’ पानावर तेवढी जागा होती. मी ती ओळ लिहिली नाही. भाग घेण्याच्या वेळी एका सभासदाने सर्वांसमक्ष म्हटले होते, “चिटणिसाच्या घरात दोन बंगले.” ते मी विसरलो नव्हतो. माझ्या हातून बाराव्या घराचा उल्लेख झाला की सारे पान बहिणीसाठी लिहिले असे ठरेल, असे मला वाटले. मी निःपक्षपाती राहायचे ठरवले. पाठकोरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि पानाच्या माथ्यावर, शीर्षकाच्या लगेच खाली, एक वाक्य घातले : ‘गुण आणि खर्च दोन्ही पाहता खालची विहीर योग्य.’ निष्कर्ष आधी, कारणे मागून. घाईत वाचणारा पहिल्या वाक्यापुढे जात नाही.

सभा पहिल्या घराच्या पडवीत भरली. घर आमच्या अध्यक्षांचे. ते निवृत्त हेडमास्तर. खजिनदार लाकडाचे व्यापारी होते, महाडच्या मुसलमान मोहल्ल्यातले, वखारीतून थेट आलेले. डगल्यावर भुसा होता. तिसरे पोलादपूरकडचे एस.टी. ड्रायव्हर, आंबेनळी घाटात गाडी चालवणारे. पाचवा सभासद दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याची रविवारची पाळी असल्याने तो आला नाही. सभा सभासदांना खुली होती. अक्का आली आणि उंबऱ्याजवळच्या स्टुलावर पाय लांब करून बसली. तीन प्रतींपैकी एक अध्यक्षांना, एक खजिनदारांना दिली, एक माझ्याजवळ राहिली.

“मला नाय?” ड्रायव्हर म्हणाले.

“तुम्ही खजिनदारांच्या कागदात पाहा.”

“त्यांच्या कागदात बघायचं म्हणजे भुसा खायचा,” असे म्हणून ते खजिनदारांच्या खांद्यावरून वाकले. “आनं कसले हे? आनं तर बंद झालं ना सरकारचं?”

“हे पैसे नव्हेत. गुण आहेत. सोळा आणे म्हणजे पूर्ण चांगले.”

“म्हंजे भाताची आनेवारी.”

“तीच.”

ड्रायव्हर लगेच समजले. खजिनदारांनी मात्र खिशातून पेन्सिल काढली आणि कागदाच्या समासात भागाकार मांडला. “अहो चिटणीस, दोनशे वीसला चौदांनी भागलं की एक आणा पडतो पंधरा-सोळा रुपयांना. साडेसातशेला बारांनी भागलं की बासष्ट. मग यात वाचायचं काय राहिलं? एकच माल एकाकडे पंधराला आणि दुसऱ्याकडे बासष्टला.”

“आणे हा माल नव्हे,” मी म्हणालो. “तो भागाकार करू नये. चौदा आणे आणि बारा आणे यांच्यात दोन आण्यांचा फरक आहे, त्यासाठी तुम्ही किती रुपये मोजायला तयार आहात, एवढेच पाहायचे.”

“दोन आणे कमी मिळवायला पाचशे तीस रुपये जास्त? मला वेड लागलंय का?” खजिनदार हसले. अध्यक्षही हसले. कागद ज्यासाठी केला होता ते काम तो चोख करत होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि कोष्टकावर बोट ठेवून ओळीने वाचत गेले. वरच्या विहिरीच्या ‘अंतर’ या चौकटीपाशी बोट थांबले. “येथे शून्य आहे. हा पर्याय बाद. आमच्या शाळेत एका विषयात शून्य मिळवणारा मुलगा बाकीच्यांत पहिला आला तरी मी त्याला वरच्या वर्गात बसवला नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “खालच्या विहिरीला कोठे शून्य नाही ना?”

खिशातली घडी मला अंगाला लागत होती असे लिहिले तर ते खोटे होईल. काही लागत नव्हते. मी कोष्टकाकडे पाहिले आणि जे तेथे लिहिलेले होते ते सांगितले.

“नाही,” मी म्हणालो.

तेवढ्यात अक्का बोलली. तिने खजिनदारांकडून कागद मागून घेतला होता आणि मुलींची वही वाचावी तसा दोनदा वाचला होता.

“सरासरी शंभर पावलं लिहिलंय. शंभर पावलांवर कोण राहतं?”

“नववं घर,” ड्रायव्हर म्हणाले. “म्हंजे मीच की.”

“मग हा कागद तुमच्यासाठी आहे.” तिने तो खजिनदारांना परत दिला.

खजिनदार कागद घेत म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे हो. बाराव्या घराचं काय? त्या गुडघ्यानं बाई विहिरीवरनं पाणी कशा नेतील? चिटणीस, तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा.”

‘तुमची बहीण’ हे शब्द मी ऐकले, त्यांचा हेतू ऐकला नाही. तो माणूस तिची बाजू घेत होता. मला तो टोमणा वाटला.

“कोष्टक बारा घरांचे आहे,” मी म्हणालो. “एका घरासाठी ते बदलता येत नाही. मग ते कोणाचेही असो.”

ड्रायव्हर डोके खाजवत होते. “मी एक बोलू? मला साडेचारशे जमायचं नाय. चार महिन्यांचा पगार हाय माझा तो. पन विहीर तर दोन्हीकडं खालचीच हाय ना? आता विहीर बांधू. इंजिन मागनं बसवू, दोन-तीन वर्सांनी. तवर बाईंच्या दोन कळशा मी टाकीन वर, ड्युटी सुटली की. विहिरीला इंजिन बसंल अशी जागा आत्ताच सोडून ठेवू. काय मास्तर?”

सबंध सभेत कोणी सुचवलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट. पहिला आणि तिसरा पर्याय यांत विहीर एकच होती, हे मी तीन दिवस हिशेब करूनही पाहिले नव्हते. मी त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत घातले होते, आणि रकाना आखला की मला तो भिंतीसारखा दिसत असे.

“तो चौथा पर्याय झाला,” मी म्हणालो. “त्याचे गुण नाहीत, खर्च काढलेला नाही. सभेपुढे तीनच आहेत.”

“मग काढा की खर्च. पुढच्या रविवारी बसू.”

“पावसाळ्याच्या आत विहीर व्हायची तर आज ठराव झाला पाहिजे.”

हे खरे होते. आठ दिवसांनी विहीर अडली नसती, हेही खरे होते. ते मी बोललो नाही.

अध्यक्षांनी मत विचारले. खजिनदारांनी क्षणभर अक्काकडे पाहिले आणि हात वर केला. ड्रायव्हरांनी उशिरा केला. मी सर्वांत आधी केला होता. ठराव एकमताने झाला. चहा आला. ड्रायव्हर बशीत चहा ओतत अक्काला म्हणाले, “बाई, माझा शब्द हाय हां. दोन कळशा.”

“तुम्ही आठवड्यातनं चार रात्री वाईला नाहीतर महाबळेश्वराला मुक्कामी असता,” अक्का म्हणाली. “तेव्हा काय, हॉर्न वाजवून पाणी चढवणार?”

सगळे मोकळेपणाने हसले, तीही हसली. मग काठी टेकत उठली आणि मला म्हणाली, “अक्षर छान आलंय रे कागदावर.” एवढेच. त्यात उपहास होता की नाही हे मला आजही ठरवता आलेले नाही. ती लहानपणी माझी पाटी तपासत असे तेव्हाही याच आवाजात बोलत असे.

पुढचे थोडक्यात सांगतो. विहीर जून लागण्यापूर्वी बांधून झाली. पाणी चांगले लागले. माझे पाच आणे बरोबर ठरले. अक्काने एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढला. बाई कधी येई, कधी येत नसे. ड्रायव्हरांनी मुक्काम नसेल तेव्हा आपला शब्द पाळला. मी आठवड्यातून दोनदा माझ्या घरचा गडी पाठवत असे. ती त्याला चहा देई आणि सांगे की पुन्हा येऊ नकोस. त्या उन्हाळ्याच्या शेवटी तिने आपला भाग दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा अर्ज संस्थेकडे केला. अर्ज चिटणिसाच्या नावे असतो. तिने मला ‘महोदय’ असे लिहिले होते. कारणाच्या जागी ‘घर दूर पडते’ असे होते. मी तो समितीपुढे ठेवला आणि मंजूर झाल्याचे पत्र तिला स्वहस्ताक्षरात पाठवले. ती बदली मागून पोलादपूरला सासरच्या पुतण्याकडे गेली. त्या घराच्या परसात विहीर होती, पण घर तिचे नव्हते. तेथे पाण्याआधी सुनेचा चेहरा पाहावा लागे, असे ती एकदा सहज बोलून गेली. सहा वर्षे ती तेथे राहिली आणि तेथेच वारली.

बारावे घर ज्याने घेतले तो तरणाताठा होता. आल्या वर्षीच त्याने इंजिनाची मागणी लावून धरली, आणि ड्रायव्हर म्हणाले होते तसेच, त्याच विहिरीवर, दोन वर्षांत इंजिन बसले. कठडा फोडून जागा करावी लागली. त्याचा घरटी खर्च वेगळा आला. तोही मी एका पानावर मांडला. सर्वांना समजला.

अक्काला धरूनही कदाचित खालचीच विहीर ठरली असती. साडेचारशे रुपये ड्रायव्हरांना खरोखर जड होते. पण मग ती त्यांनी डोळ्यांसमोर बारावे घर ठेवून, त्याचे काय करायचे ते बोलून ठरवली असती. मी त्यांना तसे करू दिले नाही. माझ्या पानावर एकही आकडा खोटा नव्हता. निःपक्षपात म्हणून मी जे केले ते एवढेच, की ज्या एका माणसाला मी ओळखत होतो त्याला मी मोजले नाही. साठ पावलांवर राहणाऱ्याला ते सोपे जाते.

सभेच्या त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी घरातली पितळी कळशी घेतली, डवऱ्यावर गेलो, वाटीवाटीने ती भरली आणि खांद्यावर घेऊन बाराव्या घराकडे निघालो. पावले मोजत होतो. आदल्या दिवशी मी माथ्यावरून खाली, रिकाम्या हाताने, टाचा मोकळ्या टाकत मोजली होती. भरल्या कळशीने पाऊल आखूड पडते. बेचाळीस पायऱ्यांवर मला तीनदा थांबावे लागले. माझे दोन्ही गुडघे धड होते. दाराशी पोचलो तेव्हा मोजणी तीनशे छपन्नवर आली होती.

अक्का पडवीत वह्या तपासत होती. तिने कळशी उतरवून घेतली नाही. घंगाळाकडे बोट केले. मी पाणी ओतले.

“किती झाली?” तिने विचारले. मी मोजत आलो हे तिने तोंडावरून ओळखले होते.

“तीनशे छपन्न.”

“मी चारशेच्या पुढं मोजणं सोडून देते.” तिने लाल पेन्सिलीने एका वहीत बरोबरची खूण केली आणि पान उलटले. “जा आता. दिवे लागायची वेळ झाली, पायऱ्यांवर दिसत नाही.”

मी घरी आलो. दिवा लावला, सभेची प्रोसीडिंगची वही उघडली आणि ठराव लिहून काढला. पानाची प्रत परिशिष्ट म्हणून जोडायची होती. ‘अंतर’ या बाबीसमोर लेखणी थोडा वेळ धरून बसलो. सभेपुढे ठेवलेल्या कागदात मागाहून फेरफार करता येत नाही, हा नियम मला पाठ होता. शंभर तसेच ठेवले. शाई टिपली, पान वहीला टाचले, खाली सही केली, आणि तिच्याखाली तारीख घातली.